दोन ठोक्यांमधली जागा

सकाळी 8.
अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘स्वाराती’. स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड. नर्सिंगची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी परळीहून एसटीने, अर्ध्या तिकिटात आलीय. गळ्यात स्वतःचा स्टेथोस्कोप.

8:30.
आधी मैत्रिणीची छाती ऐकायची. कानातली टोकं नाकाच्या दिशेने झुकलेली हवीत. डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे, हसळीच्या मध्यावरून खाली येणाऱ्या रेषेवर डायफ्रॅम ठेवला. लब-डब. ट्यूटर मॅडम विचारतात, “यातला पहिला कुठला?” दुसरा हात मानेच्या एका बाजूच्या नाडीवर, हलकेच. नाडी उसळते त्याच्याशी जुळणारा तो पहिला. मनगटाची नाडी उशिरा पोचते, ती फसवते.

9:30.
मॅडम वहीत रेघ ओढतात. पहिला आवाज मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा; तिथून हृदय आकुंचन पावतं, रक्त बाहेर फेकतं. दुसरा एऑर्टिक आणि पल्मोनरी झडपा मिटल्याचा. तिथून हृदय सैल पडून भरू लागतं. मिनिटाला 75 ठोके असतील तर एक फेरा 0.8 सेकंदाचा. फेकायला साधारण 0.3, भरायला 0.5.

11:00.
सहा नंबरची खाट. ऊसतोड करणारी, वय 28. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढताना दम लागायचा. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून ओढत राहिली. “ताई, डाव्या कुशीवर व्हा.” आता बेल, अगदी हलकी टेकवलेली. दाबली तर खालची कातडी ताणून डायफ्रॅमसारखी होते आणि खालच्या सुराचे आवाज हरवतात. पहिला ठोका ठसठशीत. दुसऱ्यानंतर, भरण्याच्या वेळेत, दबकी घरघर. रक्त अरुंद झडपेतून कष्टाने उतरतंय.

12:15.
मग दम कामावरच का? मॅडम हिशोब मांडतात. ठोके 120 झाले की फेरा 0.5 सेकंदाचा. फेकण्याचा वेळ थोडाच घटतो; भरण्याचा 0.25 वर, म्हणजे निम्म्यावर येतो. अरुंद झडपेला तेवढा वेळ पुरत नाही. रक्त मागे, फुप्फुसांत तुंबतं.

1:00.
नोंद लिहायची. विद्यार्थिनी ‘मायट्रल स्टेनोसिस’ लिहायला लागते. मॅडम थांबवतात. निदान इकोवर डॉक्टर करतील. आपण लिहायचं ते ऐकलेलं: जागा, दुसऱ्या ठोक्यानंतर घरघर, ठोके किती, श्वास किती.

1:45.
डॉक्टरांनी सहा नंबरला लिहून दिलेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन, 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी. आकसलेली झडप त्याने उघडत नाही. नवा संधिवाताचा ताप टळतो, झडप आणखी बिघडण्याचा धोका कमी होतो. पुढच्या तारखेला ती कारखान्याच्या फडावर असेल. म्हणून तारीख आणि मात्रा तिच्या कार्डावर ठळक लिहा, आणि ते कार्ड तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगा.