बेरीज एकच यायला हवी

दोन चाकांवर उभा राहून स्वतःचा तोल सांभाळणारा छोटा रोबो हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प. त्याला सेकंदाला शंभर वेळा एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: मी उभ्या रेषेपासून किती अंश कललोय? उत्तर अर्ध्या सेकंदाने उशिरा मिळालं, तर तोवर रोबो जमिनीवर पडलेला असतो. उत्तर दोन-तीन अंशांनी चुकलं, तर तो पडत नाही, पण खोलीच्या एका टोकाकडे पळत सुटतो.

हे उत्तर शोधायला बहुतेक जण एमपीयू-६०५० ही नखाएवढी चिप वापरतात. तिच्या पोटात दोन मापकं असतात, अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप. कल दोघांकडूनही काढता येतो, आणि दोघंही चुकतात. फक्त त्यांच्या चुकांची जात वेगळी असते.

अ‍ॅक्सिलरोमीटर म्हणजे गवंड्याचा ओळंबा. चिप स्थिर असली की गुरुत्वाकर्षणाची दिशा कुठे आहे ते तो सांगतो आणि त्यावरून कोन निघतो. हा कोन तासाभराने पाहिला तरी जागचा हलत नाही. पण धावत्या गाडीत टांगलेला ओळंबा गाडीने वेग घेतला की मागे झुकतो, तसंच इथे होतं. रोबोने दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवला, तर तो सरळ उभा असतानाही अ‍ॅक्सिलरोमीटर साडेअकरा अंशांचा खोटा कल दाखवतो. मोटारींची थरथर त्यात मिसळते ती वेगळीच.

जायरोस्कोपचं नेमकं उलट आहे. तो कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. दर क्षणाचा वेग गुणिले वेळ अशी बेरीज करत गेलं की कोन मिळतो. धक्के आणि पुढे-मागे होणारी धाव यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे झटपट हालचाल तो अचूक टिपतो. मात्र चिप टेबलावर निपचित पडलेली असतानाही जायरो शून्य दाखवत नाही. समजा, तो सेकंदाला अर्धा अंश दाखवतोय. बेरीज करत राहिलं, तर मिनिटाभरात कोन तीस अंशांनी सरकलेला असतो.

थोडक्यात, एकाची चूक जलद आहे आणि दुसऱ्याची संथ. कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणजेच पूरक फिल्टर नेमका याच फरकाचा उपयोग करतो. इंटरनेटवर आणि प्रकल्पांच्या वह्यांमध्ये तो सहसा एका ओळीत लिहिलेला दिसतो:

```
angle = 0.98*(angle + gyro*dt) + 0.02*acc
```

या ओळीचा अर्थ बऱ्याचदा ‘अठ्ठ्याण्णव टक्के जायरोवर विश्वास, दोन टक्के अ‍ॅक्सिलरोमीटरवर’ असा सांगितला जातो. हा अर्थ दिशाभूल करतो. टक्केवारीची वाटणी असती, तर जायरोच्या तीस अंशांच्या चुकीपैकी २९.४ अंश उत्तरात यायला हवे होते. प्रत्यक्षात पाव अंशसुद्धा येत नाही. असं का होतं, हे पाहायला तीच ओळ सुटी करून लिहावी लागते:

```
A = 0.98*A + 0.02*acc
G = 0.98*(G + gyro*dt)
angle = A + G
```

गणित तेच आहे, उत्तरही शेवटच्या दशांशापर्यंत तेच. पण आता त्यात दोन स्वतंत्र फिल्टर दिसतात. `A` हा लो-पास फिल्टर आहे. अ‍ॅक्सिलरोमीटरच्या कोनातला संथ भाग तो पुढे जाऊ देतो आणि थरथर अडवतो. `G` हा हाय-पास आहे. जायरोने साठवलेल्या कोनातला जलद बदल तो जाऊ देतो आणि संथ सरकत जाणारा भाग विसरून जातो. किती वेळात विसरायचं, ते टाइम कॉन्स्टंट ठरवतो. मोजण्यांमधलं अंतर `dt` ०.०१ सेकंद असेल, तर ०.९८ या आकड्यावरून तो ०.९८ × ०.०१ ÷ ०.०२ म्हणजे ०.४९ सेकंद निघतो.

समजा, शून्य अंशावर असलेला बोर्ड हाताने झटकन तीस अंशांवर नेला आणि तिथेच धरून ठेवला. पहिल्या क्षणी `G` जवळजवळ तीस अंश दाखवतो आणि `A` जवळजवळ शून्य. जायरोने हालचाल पाहिली, लो-पासला अजून तिचा पत्ता नाही. ०.४९ सेकंदांनी `G` उतरून ११ वर येतो आणि `A` चढून १९ वर जातो. दोन सेकंदांनी `G` अर्ध्या अंशावर असतो आणि `A` साडेएकोणतीस अंशांवर. दोघांपैकी कुणाचाही आकडा पूर्ण वेळ बरोबर नव्हता, पण बेरीज प्रत्येक क्षणी तीसच होती. एक जेवढं विसरतो, नेमकं तेवढंच दुसरा शिकतो.

गणिताच्या भाषेत ही हमी एका ओळीत मावते:

```
1/(τs+1) + τs/(τs+1) = 1
```

डावीकडचं पहिलं पद लो-पासचं, दुसरं हाय-पासचं. दोन्हींत `τ` हा टाइम कॉन्स्टंट एकच आहे, म्हणून बेरीज एक येते. खरा कोन दोन्ही मार्गांनी येतो, दोन्हीकडे अर्धवट होतो आणि बेरजेत पुन्हा अख्खा होतो.

सर्वांत मोठी गंमत दोन फिल्टरांच्या सांध्यावर आहे. ०.४९ सेकंदांच्या फिल्टरसाठी हा सांधा तीन सेकंदांत एक हेलकावा या गतीला पडतो. त्या गतीने बोर्ड डुलत असेल, तर प्रत्येक फिल्टर हेलकाव्याचा सुमारे ७१ टक्के भाग पुढे पाठवतो. मग बेरीज १४२ टक्के का होत नाही? कारण लो-पासची लाट एक अष्टमांश आवर्तनाने मागे पडलेली असते आणि हाय-पासची तेवढ्याच अंतराने पुढे धावलेली असते. मागची आणि पुढची लाट एकमेकींत मिळवली की मूळ लाट जशीच्या तशी उभी राहते.

जोडी जुळलेली नसेल तर काय होतं? एखाद्याने अ‍ॅक्सिलरोमीटरसाठी ०.५ सेकंदांचा लो-पास घेतला आणि जायरोसाठी ०.१ सेकंदाचा हाय-पास. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. पण आता मध्ये खिंडार पडलं. साधारण १.४ सेकंदांत एक हेलकावा या गतीला बेरीज एक येत नाही, एक तृतीयांश येते. बोर्ड खरोखर पंधरा अंश डुलतोय आणि पडद्यावर पाच अंश दिसताहेत. अगदी संथ आणि अगदी जलद चाचण्यांत मात्र हा दोष उघड होत नाही.

जोडी जुळली की `τ` निवडणं हा वेगळाच प्रश्न होतो. खरा कोन दोन्ही फिल्टरांच्या बेरजेतून अख्खाच बाहेर पडतो, त्यामुळे रोबो किती चपळ आहे यावरून `τ` ठरत नाही. तो ठरतो फक्त चुकांवरून. सेकंदाला अर्ध्या अंशाची जायरोची चूक हाय-पासमधून गेल्यावर वाढत जात नाही, `τ` पटीवर येऊन थांबते. ०.४९ सेकंदांना ती पाव अंश, २ सेकंदांना एक अंश. दुसऱ्या बाजूला मघाची वेग घेण्याची क्रिया अर्धा सेकंद चालली, तर ०.४९ सेकंदांच्या फिल्टरमधून ७.३ अंशांचा खोटा कल आत येतो, २ सेकंदांच्या फिल्टरमधून फक्त २.५ अंशांचा. म्हणून अनुभवी माणसं आधी जायरोची चूक कमी करतात. सुरू करताना बोर्ड काही क्षण स्थिर ठेवायचा, जायरोची सरासरी घ्यायची आणि ती पुढच्या प्रत्येक मापातून वजा करायची. चूक सेकंदाला ०.०५ अंशावर आली की `τ` दोन सेकंदांवर नेता येतो. मग जायरोमुळे येणारा दोष उरतो फक्त एक दशांश अंश.

०.९८ हा आकडा मात्र डोळे झाकून उचलू नये. तोच आकडा सेकंदाला २५० वेळा चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला, तर टाइम कॉन्स्टंट ०.१९६ सेकंदांवर येतो आणि मोटारींचे धक्के उत्तरात शिरतात. आधी `τ` ठरवावा, आकडा त्यावरून काढावा.

बिघाड ओळखण्याची चाचणीही या दोन फिल्टरांतूनच मिळते. बोर्ड झटकन ४५ अंशांवर न्यायचा आणि आलेख पाहायचा. रेषा ४५ वर गेली आणि थांबली, तर सगळं ठीक. आधी उणे ४५ कडे उडाली आणि मग सावकाश अधिक ४५ वर आली, तर जायरोचं चिन्ह उलटं आहे. ३६ पर्यंत उडी मारून मग रांगत ४५ गाठले, तर जायरोचा हिस्सा वीस टक्के कमी मोजला जातोय. याचं नेहमीचं कारण `dt`. प्रोग्रॅममध्ये ०.०१ लिहिलेलं असतं, पण प्रत्येक फेरीत संगणकाकडे बारा अक्षरांची ओळ ९६०० बॉडने पाठवली जात असते. त्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरंच जातात, म्हणजे एका ओळीला साडेबारा मिलिसेकंद लागतात. फेरी लांबते, `dt` मात्र जुनाच राहतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक फेरीचा खरा वेळ घड्याळावरून मोजून घ्यायचा.

ही कल्पना रोबोंपेक्षा बरीच जुनी आहे. १९७५ साली वॉल्टर हिगिन्स यांनी पूरक फिल्टर आणि काल्मन फिल्टर यांची तुलना करणारा लेख लिहिला तेव्हा विमानांच्या उपकरणांत असे फिल्टर रुळलेले होते. छंदी मंडळींपर्यंत ही गोष्ट सोप्या रूपात पोचवली ती एमआयटीच्या शेन कोल्टन यांच्या २००७ मधल्या टिपणाने. पुढच्याच वर्षी रॉबर्ट माहोनी, तारेक हामेल आणि जाँ-मिशेल फ्लिमलँ यांनी तीनही अक्षांसाठी याचं विस्तारित रूप मांडलं. त्यात जायरोची चूक फिल्टर स्वतःच शिकत जातो, त्यामुळे मघाचा पाव किंवा एक अंशाचा कायमचा दोषही हळूहळू शून्याकडे जातो.

मर्यादा उरते ती अ‍ॅक्सिलरोमीटरच्या बाजूला. त्याची चूक जलद असते, हे या सगळ्याचं गृहीतक. सावकाश लांब वळण घेणारं विमान ते मोडतं. वळणात विमान कललेलं असतं, पण गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून विमानाच्या तळाकडेच ओढतात, त्यामुळे अ‍ॅक्सिलरोमीटर मिनिटभर ‘सरळ’ असंच सांगत राहतो. लो-पासच्या दृष्टीने मिनिटभर टिकणारी गोष्ट खरीच, म्हणून तो ती आत घेतो. जुन्या यांत्रिक कृत्रिम क्षितिजात फिरत्या जायरोला लोलकासारख्या झडपा सावकाश सरळ करत, तिथेही हाच दोष दिसे. १८० अंशांचं वळण पुरं होताना तो सर्वाधिक असे आणि पूर्ण फेरीअंती जवळपास पुसला जाई. आजची पंखवाली ड्रोन हवेतला वेग आणि वळण्याचा वेग यांच्या गुणाकारातून वळणाचा जोर काढतात आणि फिल्टरमध्ये शिरण्यापूर्वीच तो अ‍ॅक्सिलरोमीटरच्या मापातून वजा करतात.

उभ्या अक्षाभोवती गिरकी घेतली तर गुरुत्वाची दिशा बदलतच नाही, म्हणून त्या कोनासाठी लो-पासकडे द्यायला काहीच नसतं. तिथे अ‍ॅक्सिलरोमीटरची जागा चुंबकीय होकायंत्र घेतं. मोटारींच्या तारांजवळ त्याची सुई हलते ही त्याची जलद चूक. हाय-पास मात्र पूर्वीसारखाच जायरोकडे राहतो.