मांडीचे हाड काय सांगते?

१९७८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. विहिरीचा गाळ उपसताना सापडलेली हाडे पोत्यात घालून हवालदार माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी नाहीसा झालेल्या एका तरुणाची आई त्यांच्याबरोबर होती. "डाक्टर, माझा पोरगा आहे का हो?" एवढेच ती विचारी.

मुलगा सैन्यभरतीला जाऊन आला होता. तिथल्या कागदावर त्याची उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच लिहिलेली. हवालदारांनी शिंप्याच्या टेपने मांडीचे हाड मोजून ठेवले होते : साडेपंचेचाळीस.

मांडीचे हाड म्हणजे उंचीचा साधारण पाव हिस्सा, असे आपण ऐकतो. पण नुसत्या गुणाकाराने बुटका माणूस अधिक बुटका ठरतो आणि उंच अधिक उंच. म्हणून मी ट्रॉटर आणि ग्लेसर यांचे १९५२ सालचे सूत्र वापरी. युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची भरतीवेळची उंची आणि त्यांची हाडे ताडून त्यांनी ते बसवले. गोऱ्या पुरुषांसाठी हाडाची लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१. (पुरुष हे कमरेच्या हाडावरून आधी ठरवावे लागते.)

हवालदारांच्या मापाने उंची १६९.७ येई, मुलापेक्षा जवळजवळ दहा सेंटिमीटर जास्त! "तुझा नव्हे, आई," असे सांगून मोकळे होता आले असते. पण टेप हाडाच्या उंचवट्यांवरून फिरतो. मी हाड मोजणीच्या फळीवर आडवे ठेवले, सरकती पट्टी टोकाला भिडवली आणि हाड इकडेतिकडे हलवून सर्वांत मोठे माप घेतले. भरले ४४. दीड सेंटिमीटरची चूक उंचीत साडेतीनची होते!

आता उत्तर आले १६६.१. या सूत्राची प्रमाणचूक सव्वातीन सेंटिमीटरची, आणि शंभरांतली पंच्याण्णव माणसे तिच्या दुपटीत बसतात. म्हणजे साडेसहा खाली, साडेसहा वर. मुलाची उंची त्यात जेमतेम बसत होती. शिवाय सूत्र अमेरिकनांचे. आपल्याकडे पुष्कळांचे पाय धडाच्या मानाने लांब, त्यामुळे उत्तर थोडे जास्तच येण्याचा संभव. तेव्हा 'नव्हे' म्हणता येईना; आणि तेवढ्या उंचीचे हजारो असल्यामुळे 'होय' म्हणणेही शक्य नव्हते.

मग हाताची हाडे घेतली. त्यांची प्रमाणचूक चारच्या वर, म्हणून ती नेहमी मागाहून. उजव्या हाताच्या अंगठ्याकडचे हाड सरळ होते. डाव्याचे मात्र मनगटाच्या वर वाकडे सांधलेले, आणि त्यामुळे आखूड. ते उंचीच्या हिशेबाला निरुपयोगी.

मी आईला विचारले, "मुलाचा हात कधी मोडला होता का?"

ती काही बोलली नाही. तिने आपले डावे मनगट, अगदी त्याच जागी, मुठीत धरले.