“मायी तारीखच घेऊन नाही रायला!”: लीप वर्षाची अट एका ओळीत

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित अवतार. ऐकताना कंस दिसत नाहीत, आणि आजची सगळी गंमत कंसातच आहे. म्हणून ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही कोडच्या ओळी एकदा डोळ्यांनी बघा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चंद्रपूरला घरूनच काम करत होतो. मामेबहिणीचा मूलवरून फोन आला. ती नेट कॅफेत बसून एका भरतीचा फॉर्म भरत होती.

“दादा, हा फॉर्म मायी तारीखच घेऊन नाही रायला. इनव्हॅलिड डेट म्हनते. कॅफेवाला म्हनते, २८ टाकून दे, काही होत नाही.”

तिचा जन्म २९ फेब्रुवारी २००० चा. टी.सी.वर तेच, दहावीच्या सर्टिफिकेटवर तेच. फॉर्मवर २८ टाकली असती तर फॉर्म गेला असता, पण पुढे कागदपत्र तपासणीत तारीख जुळली नसती. शेवटची तारीख चार दिवसांवर होती. मी म्हटलं, “थांब, २८ नको टाकू. आधी मी सांगतो त्या तारखा टाकून पाह्य.”

तिला २९ फेब्रुवारी १९९६ टाकायला सांगितली. घेतली. २९ फेब्रुवारी २००४. घेतली. २९ फेब्रुवारी १९९९. नाही घेतली, आणि ते बरोबरच होतं. परत २०००. नाही घेतली.

चार तारखांत रोग कळला. लिहिणाऱ्याला लीप वर्ष माहीत होतं, शंभराचा अपवादही माहीत होता. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होती.

नियम आधी साध्या मराठीत

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण ३६५.२४२२ दिवस लागतात. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला की सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे थोडी जास्तच. ही जास्तीची रक्कम ४०० वर्षांत जवळपास तीन दिवस भरते. म्हणून १५८२ साली आलेल्या ग्रेगोरियन कॅलेंडरने दर ४०० वर्षांतले तीन लीप दिवस काढून टाकले. शतकाच्या चार वर्षांपैकी तीन साधी, एक लीप. १७००, १८००, १९०० साधी, २००० लीप.

बोलताना आपण हे असं सांगतो: “४ ने भाग जाणारं वर्ष लीप. पण १०० ने भाग जात असेल तर नाही. मात्र ४०० ने जात असेल तर परत लीप.”

माणसाला हे लगेच समजतं. कॉम्प्युटरला ‘पण’ आणि ‘मात्र’ समजत नाहीत. त्याच्याकडे तीनच शब्द आहेत: `and`, `or`, `not`. म्हणजे आणि, किंवा, नाही. आपलं काम एवढंच, की ‘पण’ आणि ‘मात्र’ या तिघांत बसवायचे.

तीन प्रश्न, एक अट

पायथनमध्ये `%` हे चिन्ह भागाकाराची बाकी देतं. बाकी शून्य, म्हणजे पूर्ण भाग गेला. आधी तीन प्रश्नांना नावं देऊ:

```python
bhag4   = (y % 4 == 0)
bhag100 = (y % 100 == 0)
bhag400 = (y % 400 == 0)
```

प्रत्येकाचं उत्तर `True` किंवा `False`. आता वाक्य परत वाचा, पण या प्रश्नाने: लीप होण्यासाठी काय *हवंच*? ४ ने भाग जायलाच हवा. त्यातून सुटका नाही. हा पहिला भाग, आणि त्यापुढे `and`.

दुसरा भाग काय? वर्षाने शंभराच्या अडथळ्यातून पार व्हायला हवं. पार व्हायचे दोन मार्ग आहेत. एक, शंभराने भाग जातच नाही, म्हणजे अडथळाच नाही. दोन, अडथळा आहे, पण ४०० चा पास हातात आहे. दोन्हींपैकी एक पुरे, म्हणून मध्ये `or`:

```python
leap = bhag4 and (not bhag100 or bhag400)
```

झाली अट. ‘पण’ चा झाला `and`, ‘मात्र’ चा झाला `or`, आणि तो `or` कंसाच्या आत बसला.

चुकतं कुठे

आता तपासायला एक चित्र डोळ्यांसमोर ठेवा. चंद्रपूर शहर चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि जिल्हा विदर्भात. जो शहरात आहे तो जिल्ह्यात असतोच, आणि विदर्भातही असतोच. आपले तीन प्रश्न अगदी तसेच आहेत. ४०० ने भाग जाणारं वर्ष १०० ने जातंच, आणि १०० ने जाणारं ४ ने जातंच. विदर्भ म्हणजे ४, जिल्हा म्हणजे १००, शहर म्हणजे ४००.

पहिली चूक, जी नवीन मुलं हमखास करतात. तीन नियम आहेत म्हणून तिन्ही `and` ने जोडायचे:

```python
leap = bhag4 and not bhag100 and bhag400
```

म्हणजे काय मागितलं? विदर्भात असलेला, चंद्रपूर जिल्ह्यात *नसलेला*, पण चंद्रपूर शहरात *असलेला* माणूस. असा माणूस जगात नाही. ही अट कुठल्याही वर्षाला `False` देते, अगदी २०२४ लाही. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण पहिल्याच तपासणीत पकडली जाते.

दुसरी चूक लबाड आहे:

```python
leap = bhag4 and not (bhag100 or bhag400)
```

वाचताना बरोबर वाटते. शंभर, चारशे, `or`, `not`, सगळं हजर आहे. पण `not` कंसाच्या बाहेर गेला. आता वाक्य असं झालं: जिल्ह्यात किंवा शहरात असलेला कोणीही नको. अहो, शहरवाला जिल्ह्यात आलाच की! मग `bhag400` लिहिलं काय, न लिहिलं काय, सारखंच. `not` कंसाबाहेरून सगळ्यांवर लागतो: ‘हे किंवा ते’ नको म्हणजे ‘हेही नको आणि तेही नको’. चारशेला द्यायचा होता पास, आणि त्यालाच दारात अडवलं.

बहिणीच्या फॉर्ममागे नेमकी हीच ओळ होती, की कोणी चारशेचा भाग लिहायचाच विसरलं होतं, हे बाहेरून कळत नाही. दोन्ही अटी प्रत्येक वर्षाला सारखंच उत्तर देतात. पण लक्षण पक्कं आहे: १९९६ आणि २००४ पास, २००० नापास.

मग कोणाच्या लक्षात का नाही आलं?

इथे मला सगळ्यात मजा वाटते. १९०१ ते २०९९ या काळात शंभराने भाग जाणारं एकच वर्ष आहे, २०००. समजा एखाद्याला नियमाचं पहिलंच वाक्य माहीत आहे आणि त्याने नुसतं `y % 4 == 0` लिहिलं. या जवळपास दोनशे वर्षांत त्याचं एकही उत्तर चुकत नाही. ज्याला दोन वाक्यं माहीत आहेत तो मात्र २००० ला पडतो. अर्धवट शिकलेला चुकला, आणि न शिकलेला नशिबाने सुटला.

म्हणून “अजून तर काही अडलं नाही” हा पुरावा नाही. न शिकलेल्याची अट मागे गेलं की पडते. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. पुढची २९ फेब्रुवारी १९०० ला यायला हवी होती, पण ते वर्ष लीप नव्हतं. त्यांच्या वाट्याला ती तारीख थेट १९०४ मध्ये आली, आठ वर्षांनी. नुसत्या चारच्या अटीने हिशेब केला तर १९०० मध्ये एक वाढदिवस फुकटचा निघतो.

ही चूक अजून जिवंतही आहे. एक्सेलमध्ये एका खान्यात ६० लिहा आणि तो आकडा तारीख म्हणून दाखवायला सांगा. २९ फेब्रुवारी १९०० येते, जी कधी उगवलीच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली.

तपासायला चारच वर्षं पुरतात

तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे आठ जोड्या व्हायला हव्यात. पण शहर जिल्ह्यात आणि जिल्हा विदर्भात असल्यामुळे प्रत्यक्षात चारच प्रकारची वर्षं असतात. प्रत्येक प्रकारातलं एक घेतलं की झालं. मी आपल्याकडची घेतो: गडचिरोली वेगळा जिल्हा झाला ते १९८२, महाराष्ट्र राज्य झालं ते १९६०, आणि सोबत १९०० व २०००.

| वर्ष | ४ ने? | १०० ने? | ४०० ने? | लीप? |
|---|---|---|---|---|
| १९८२ | नाही | नाही | नाही | नाही |
| १९६० | हो | नाही | नाही | हो |
| १९०० | हो | हो | नाही | नाही |
| २००० | हो | हो | हो | हो |

आता २००० हाताने चालवून बघू. `bhag4` खरं. कंसात `not bhag100` खोटं, पण `bhag400` खरं, म्हणून `or` ने कंस खरा. खरं `and` खरं, म्हणजे लीप. १९०० ला कंसात दोन्ही खोटं, म्हणून कंस खोटा, आणि पुढचं सगळं पडलं.

तुम्ही लिहिलेली कुठलीही अट या चार ओळींतून पार झाली, तर ती प्रत्येक वर्षाला बरोबर आहे. फक्त प्रश्न हेच तीन असावेत.

कंस काढला तर? `bhag4 and not bhag100 or bhag400` हेही पायथनमध्ये बरोबर चालतं. पायथन आधी `not`, मग `and`, शेवटी `or` सोडवतो, त्यामुळे चारशेवालं वर्ष शेवटच्या `or` ने थेट आत येतं. ते चारने जातंच, म्हणून बिघडत नाही. तरी मी कंस टाकतो, कारण ही ओळ सहा महिन्यांनी कोणीतरी दुसरा वाचणार असतो.

खऱ्या कामात तर ही ओळ स्वतः लिहूच नका. पायथनमध्ये `calendar.isleap(2000)` तयार आहे. त्याच्या आतली अट उघडून बघा, आत्ता आपण बनवली तीच आहे.

बहिणीचं काय झालं? आम्ही हेल्पडेस्कला तीन ओळींचा मेल टाकला: १९९६ चालते, २००४ चालते, २००० चालत नाही, आणि सोबत दहावीच्या सर्टिफिकेटचा फोटो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिने परत प्रयत्न केला, आणि फॉर्मने २९ फेब्रुवारी २००० घेतली. तिचा मेसेज आला: “दादा, मी जन्मली एकदाची.”