यादी एक, उमेदवार अनेक

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पेपरात चूक शोधायला असलं वाक्य हमखास देतात: ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स सिलेक्टेड फॉर इंटरव्ह्यूज इन थ्री डिस्ट्रिक्ट्स वेअर डिस्प्लेड येस्टरडे.’ वाचताना कानाला काही खटकत नाही. ‘डिस्ट्रिक्ट्स’ अनेकवचनी, त्याला लागूनच ‘वेअर’. पण लावली ती यादी, आणि यादी एकच. तिथे ‘वॉज’ हवं.

हेच मराठीत म्हणून पाहा: ‘तीन जिल्ह्यांतल्या मुलाखतींसाठी निवडलेल्या उमेदवारांची यादी काल लावली होती.’ वाक्य तेवढंच लांब, तरी इथे ‘लावले होते’ कुणी लिहिणार नाही. मराठीत यादीचं सगळं वर्णन आधी उरकतं आणि क्रियापदाशी गाठ पडते ती यादीचीच. इंग्रजी यादी आधी सांगून टाकतं. कुणाची, कशासाठी, कुठली हे मागून जोडतं. त्या लांबलेल्या शेपटामुळे कर्ता दूर पडतो आणि क्रियापदाशेजारी भलतंच नाम येऊन बसतं.

यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही फसतात. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वाक्याची सुरुवात देऊन ते पूर्ण करायला सांगितलं होतं. कर्ता एकवचनी आणि मधलं नाम अनेकवचनी असलं की चुका वाढत. उलट असेल तर फारशा होत नसत. म्हणून तपासताना ‘आर’, ‘वेअर’, ‘हॅव’ यांच्यावर आधी नजर ठेवावी.

शोध क्रियापदापासून सुरू करायचा. वरच्या वाक्यात ‘सिलेक्टेड’ क्रियापदासारखं दिसतं, पण उमेदवारांनी काही निवडलेलं नाही, ते निवडले गेलेत. म्हणजे तो शब्द त्यांचं विशेषण झाला. खरं क्रियापद ‘वेअर डिस्प्लेड’. आता विचारायचं, काय लावलं? ‘लिस्ट’. मग ‘ऑफ’पासून ‘डिस्ट्रिक्ट्स’पर्यंत पेन्सिलीने कंस करायचा आणि उरलेलं वाचायचं: ‘द लिस्ट वेअर डिस्प्लेड.’ आता चूक लपत नाही.

‘अलाँग विथ’ आणि ‘अॅज वेल अॅज’ यांनी सुरू होणारे तुकडेही असेच कंसात जातात. ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ द टीचर्स, हॅज लेफ्ट’ हेच बरोबर, मग मागे दहा शिक्षक का असेनात! अर्थाने सगळेच गेले हे खरं, पण व्याकरण फक्त मुख्याध्यापकांना मोजतं.

ही पेन्सिल मात्र ‘सम ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘हाफ ऑफ’ यांच्यापुढे थांबवावी लागते. हे शब्द प्रमाण सांगतात, वचन ठरतं ते पुढच्या नामावरून. ‘सम ऑफ द मिल्क इज’ आणि ‘सम ऑफ द मँगोज आर’ ही दोन्ही बरोबर आहेत; तिथे ‘ऑफ’नंतरचं खोडलं, तर निवाडा करायला काही उरतच नाही.