गाठ लहान, तरी आजार वाढला?

केमोथेरपी सुरू असताना दोन-तीन महिन्यांनी सीटी स्कॅन होतो. अहवालात ‘पार्शियल रिस्पॉन्स’, ‘स्टेबल’ किंवा ‘प्रोग्रेशन’ असा शब्द येतो आणि घरचे सगळे त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसतात. हा शब्द ठरतो कसा?

२००० साली आलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या ‘रेसिस्ट’ या नियमावलीनुसार उपचारांपूर्वीच्या स्कॅनमधल्या ठरावीक गाठींची सर्वांत मोठी लांबी मोजून बेरीज करतात. बेरीज निदान ३० टक्के घटली तर पार्शियल रिस्पॉन्स, म्हणजे आंशिक प्रतिसाद. ३० टक्के हा आकडा थोडा वाटतो. पण चेंडूसारख्या गोल गाठीची रुंदी एवढी घटली की तिचे आकारमान जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी होते.

समजा, मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेले एक गृहस्थ आहेत. यकृतातल्या दोन गाठी ५२ आणि २८, एकूण ८० मिलिमीटर. उपचारांनंतर बेरीज ५४ झाली, म्हणजे घट ३२ टक्क्यांहून अधिक; प्रतिसाद मिळाला. पुढे ती ५० वर आली, मग ५५ आणि नंतर ६२ झाली. अहवालात आले, ‘प्रोग्रेशन’. गृहस्थ विचारतात, “डॉक्टर, ८० चे ६२ झाले, मग आजार वाढला कसा?”

कारण वाढ मोजायची ती पहिल्या स्कॅनपासून नव्हे, तर आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपासून. ५० वरून ६२ म्हणजे २४ टक्के वाढ. नियम २० टक्क्यांचा आहे, शिवाय बेरीज किमान ५ मिलिमीटरने वाढलेली हवी. कारण मोजणाऱ्यागणिक एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. औषध चालू असताना गाठ पुन्हा वाढू लागली, याचा अर्थ उरलेल्या पेशी त्या औषधाला दाद देत नाहीत. नवी गाठ दिसली, तर बेरीज कितीही असो, ते प्रोग्रेशनच.

चूक होते ती इथेच. फक्त मागच्या स्कॅनशी तुलना केली, तर ५० चे ५५ आणि ५५ चे ६२ या दोन्ही वाढी २० टक्क्यांच्या आत बसतात आणि दोन्ही वेळा ‘स्टेबल’ असे लिहिले जाऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्या जुन्या सीडी आणि अहवाल सोबत न्यावेत, आणि तुलना कोणत्या तारखेच्या स्कॅनशी केली ते विचारावे.

‘स्टेबल’ म्हणजे उपचार फसले असे नाही. आजार थोपवला गेलेला असू शकतो. इम्युनोथेरपीत तर काही रुग्णांच्या गाठी आधी फुगून मग आक्रसतात. त्यामुळे प्रकृती ठीक असेल, तर डॉक्टर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करून घेतात.

आणि ‘प्रोग्रेशन’ हा निकाल त्या औषधाबद्दलचा असतो. आयुष्य किती उरले, हे तो शब्द सांगत नाही. त्या गृहस्थांनी विचारायचा पुढचा प्रश्न असा: आता दुसरे कोणते औषध देता येईल?