चारपैकी चार, तरी कच्चा!

आमच्या शाळेत यंदा रुजू झालेल्या नव्या बाईंनी पाचवीच्या घटक चाचणीचा कच्चा मसुदा माझ्याकडे पाहायला दिला. घटक अपूर्णांक, गुण वीस, वेळ चाळीस मिनिटं. अक्षर सुरेख, गुणांची बेरीज चोख, समासही आखलेला. वयानं माझ्या लेकीएवढ्या, म्हणून चारचौघांत मी त्यांना 'बाई' म्हणते आणि एरवी 'अगं'. तोंडी सांगितलं तर अर्धं विसरतं, म्हणून त्यांना मी चार पानं लिहूनच दिली. त्यातला बराचसा भाग इथं देतेय. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवत असाल, कुणी घरी शिकवण्या घेत असाल, आणि घरात पाचवीतलं पोर असेल तर त्याच्या चाचणीचा कागद तुमच्याही हातात येतच असेल.

अगं, सगळ्यात आधी तुझा दुसरा प्रश्न घेऊ. 'मोठा अपूर्णांक ओळखा', चार गुण. तू दिलेल्या जोड्या अशा: ४/७ आणि २/५, ५/९ आणि १/३, ७/८ आणि ३/५, ३/४ आणि १/२. आता क्षणभर बाई नको होऊस, वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा हो. त्याला अपूर्णांक म्हणजे एक वर आणि एक खाली अशा दोन संख्या, एवढंच कळलंय. तो काय करणार? ज्यात आकडे मोठे, तो अपूर्णांक मोठा. ४ आणि ७ हे २ आणि ५ पेक्षा मोठे, म्हणून ४/७. पुढे ५/९, मग ७/८, मग ३/४. चारही उत्तरं बरोबर! त्याला चारपैकी चार मिळणार, आणि छेद म्हणजे काय हे त्याला अजून ठाऊकच नाही. तुझ्या वहीत मात्र 'तुलना येते' अशी नोंद होणार. पुढच्या वर्षी सहावीच्या बाई कपाळाला हात लावणार.

यात तुझं गणित कुठंच चुकलेलं नाही. जोड्या निवडताना तू उत्तर बरोबर आहे ना, एवढंच पाहिलंस. चुकीच्या वाटेनं जाणारं मूल कुठं पोचेल, हे पाहायचं राहिलं. जोडी अशी हवी की चुकीची वाट चुकीच्याच उत्तराला जाईल.

म्हणून या जोड्या घे. पहिली ३/१० आणि २/५. आकडे ३/१० मध्ये मोठे, पण २/५ म्हणजे ४/१०, म्हणून मोठा २/५. आकड्यांना भुलणारा इथं फसतो. पण एवढ्यानं भागत नाही. वर्गात दुसऱ्या जातीचीही मुलं असतात. आपण वर्गात दहादा सांगतो ना, 'छेद वाढला की भाग लहान होतो', ते त्यांनी अर्धवट ऐकलेलं असतं. ती फक्त छेद बघतात आणि लहान छेदाचा अपूर्णांक मोठा म्हणून मोकळी होतात. त्यांना या पहिल्या जोडीत फुकटचा गुण मिळतो. त्यांच्यासाठी दुसरी जोडी ५/६ आणि २/३. २/३ म्हणजे ४/६, तेव्हा मोठा ५/६. छेद लहान म्हणून २/३ लिहिणारा इथं उघडा पडतो. तिसरी जोडी २/३ आणि ४/६, दोन्ही सारखे. त्यासाठी प्रश्न थोडा बदल, 'मोठा ओळखा'ऐवजी 'पेक्षा मोठा, पेक्षा लहान किंवा बरोबर यांपैकी योग्य चिन्ह लिहा' असा कर. चौथी जोडी ४/९ आणि ४/७. अंश सारखा, म्हणून मोठा ४/७.

आता पाहा गंमत. आकड्यांना भुलणाऱ्याला यात फक्त दुसऱ्या जोडीचा गुण मिळेल. नुसता छेद बघणाऱ्याला पहिल्या आणि चौथ्या जोडीचा. कोणते गुण गेले यावरून मूल कुठं अडलंय ते कळतं, नुसत्या बेरजेवरून कळत नाही. शिवाय तुझ्या पहिल्या जोडीला छेद ३५ करावा लागत होता. तू वर्गात अजून एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेलेच अपूर्णांक घेतलेस असं तुझ्या टाचणवहीत दिसतं. न शिकवलेलं चाचणीत विचारायचं नाही. नव्या पहिल्या तीन जोड्यांत दहा हा पाचाच्या आणि सहा हा तिनाच्या पटीत आहे, आणि चौथीत समच्छेद करावाच लागत नाही.

तरी अंदाजानं टोला मारणारी मुलं असतातच. त्यांच्यासाठी एका जोडीखाली 'कसे ओळखले ते चित्र काढून दाखवा' एवढं जोड आणि त्याला वेगळा एक गुण ठेव. सगळ्या जोड्यांना नको, मुलं थकतात आणि तपासताना तूही थकशील.

तिसरा प्रश्न पर्यायांचा. ३/८ + १/८ = ? आणि पर्याय अ) ४/८, आ) ४/१६, इ) २/८, ई) १/२. अगं, यात 'अ' आणि 'ई' दोन्ही बरोबर! हुशार मूल ४/८ काढेल, त्याला संक्षिप्त रूप देऊन १/२ करेल आणि बुचकळ्यात पडेल. उत्तरसूचीत तू फक्त 'अ' लिहिलंयस. त्या दिवशी पालक भांडायला आले तर त्यांचंच खरं. गणितच बदल: ३/७ + २/७. सात ही मूळ संख्या, म्हणून इथं संक्षिप्त रूपाचा घोळ होत नाही. पर्याय ठेव अ) ५/१४, आ) ५/७, इ) १/७, ई) ६/७. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी चूक आहे बघ. ५/१४ म्हणणाऱ्यानं वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. १/७ म्हणणाऱ्यानं बेरजेऐवजी वजाबाकी केली. ६/७ म्हणणाऱ्यानं अंशांचा गुणाकार केला. कुणीच निवडणार नाही असा पर्याय, समजा २०/३, टाकला तर तो जागा अडवतो, बाकी काही नाही.

पर्यायांचा खरा फायदा तपासताना होतो. निकालाच्या तक्त्यात बरोबर-चूकच्या खुणा करू नकोस. मुलानं निवडलेलं अक्षरच लिही. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात प्रश्न. मग या प्रश्नाच्या रकान्यात बारा 'अ' दिसले, तर बारा जण छेदांचीही बेरीज करतायत हे तुला एका नजरेत कळेल. त्या बारा जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा नियम सांगू नकोस. त्यांना म्हण, अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी तुमच्या रीतीनं मिळवा. १/२ + १/२ चे होतात २/४, म्हणजे पुन्हा अर्धीच! पोरं हसतात आणि तिथंच त्यांना अडचण उमगते. मग सात चौकोनांची पट्टी रंगवायला दे. चौदा चौकोन आले कुठून, हे त्यांनाच विचार.

एकच सांभाळ. एका प्रश्नात एकदा चुकला म्हणून त्या मुलाची समजूतच चुकीची, असं धरू नकोस. घाईत चिन्ह नीट न पाहणंही असतं. तीच चूक दोनदा-तीनदा दिसली तर मग जवळ बोलावून विचार, 'हे कसं काढलंस, सांग बघू.' रागावून विचारलंस तर ते उत्तर बदलेल, रीत सांगणार नाही.

चौथा शाब्दिक प्रश्न, सहा गुणांचा. शेताच्या २/८ भागात भुईमूग, ३/८ भागात ज्वारी. एकूण किती भागात पेरणी? पडीक किती भाग? शेत २४ गुंठ्यांचं असेल तर पडीक किती गुंठे? उदाहरण छान, आपल्याकडच्या मुलांच्या ओळखीचं. पण तिन्ही उपप्रश्न साखळीसारखे एकमेकांत अडकलेत. बरोबर उत्तरं ५/८, ३/८ आणि ९ गुंठे. आता कुणी पहिल्याच पायरीला ५/१६ लिहिलं, तर दुसऱ्याला ११/१६ येणार. तिसऱ्यात २४ चे ११/१६ काढताना साडेसोळा गुंठे येऊन मूल गडबडून जाणार. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची रीत त्याला येत असूनही सहाच्या सहा गुण गेले. एका चुकीची तिप्पट शिक्षा झाली ही. यातून दोन वाटा. एक, उत्तरसूचीत स्पष्ट लिही की आधीच्या चुकीच्या उत्तरावरून पुढची रीत बरोबर केली असेल तर पुढचे गुण द्यायचे. पण हे तुझ्यावर आणि तुझ्या घाईवर सोडलेलं राहतं. मला दुसरी वाट बरी वाटते. तिसरा उपप्रश्न सुटा कर: 'एका शेतकऱ्याचे शेत २४ गुंठ्यांचे आहे. त्यातील ३/८ भाग पडीक आहे, तर पडीक जमीन किती गुंठे?' आता ज्याची बेरीज चुकली त्यालाही संख्येचा भाग काढता येतो की नाही ते कळेल.

पहिल्या प्रश्नातल्या पाच रिकाम्या जागांपैकी तीन नुसत्या व्याख्यांच्या आहेत. वरच्या संख्येला काय म्हणतात, खालच्याला काय, वगैरे. त्यातली एक ठेव. उरलेल्या दोन गुणांतून वर सांगितलेल्या चित्राचा गुण काढ, आणि दुसऱ्या गुणासाठी चार मुद्दाम असमान भागांची आकृती दे, एक भाग रंगवून. विचार, 'हा १/४ आहे का? का?' एरवीच्या आकृत्या मात्र चौकटीच्या कागदावर आख. तू हातानं काढलेल्या वर्तुळाचे चार भाग झेरॉक्समध्ये आणखीच वाकडे दिसतायत, आणि 'हे समान नाहीत बाई' म्हणणाऱ्या मुलीला तू काय सांगणार?

आता मसुदा सुधारलास की घड्याळ लावून स्वतः पूर्ण सोडव, चित्रासह, मुलांसारखं लिहून. तुला जितका वेळ लागेल त्याच्या तिप्पट पाचवीच्या मुलाला लागतो, असा माझा साधा हिशेब आहे. तुला पंधरा मिनिटं लागली तर चाळीसमध्ये बसणार नाही. तेव्हा शाब्दिक प्रश्नातली एक पायरी कमी कर, जोड्यांना हात लावू नकोस. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर पुन्हा आण. मुख्याध्यापकांच्या सहीला सोमवारी पाठवू.