पन्नासपैकी पन्नास, आणि पुढे?

समजा, चौथीच्या एका वर्गात सई आणि निहाल अशी दोन मुले आहेत. वर्षअखेरीस दोघांनाही गणितात पन्नासपैकी पन्नास गुण मिळतात. बाई दोघांच्याही प्रगतिपुस्तकात ‘उत्तम’ असा शेरा लिहितात आणि वर्ष संपते. पण निहालला चौथीचे गणित पूर्ण येते म्हणून पन्नास मिळाले आहेत. सईला ते वर्षाच्या सुरुवातीलाच येत होते आणि पेपर पन्नासाचाच होता म्हणून ती पन्नासावर थांबली. कागदावर दोघे सारखे दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात कदाचित दीड इयत्तेचे अंतर असेल. विशेष शिक्षणात कमी गती असलेल्या मुलांचा विचार जितक्या बारकाईने होतो, तितका सईसारख्यांचा होत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा त्यांना लागू होत नाही, आणि ‘हुशार आहे, आपले आपण करेल’ ही समजूत सगळीकडे घट्ट बसली आहे.

पहिली अडचण अशी मुले ओळखण्याची आहे. आपला साधा भरवसा शिक्षकांच्या नजरेवर असतो. ती नजर किती अचूक असते, याचा एक जुना आणि आजही बोलका अभ्यास पेग्नाटो आणि बर्च या अमेरिकी संशोधकांनी 1959 साली प्रसिद्ध केला. त्यांनी एका शाळेतल्या शिक्षकांना प्रज्ञावान वाटणाऱ्या मुलांची नावे द्यायला सांगितली, आणि वैयक्तिक बुद्धिमापन चाचणीतून कोण पुढे येते तेही स्वतंत्रपणे पाहिले. चाचणीत प्रज्ञावान ठरलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुले शिक्षकांच्या यादीत होती. यादीतल्या बहुतेक मुलांना चाचणीत तेवढे गुण मिळाले नव्हते. शिक्षकांच्या नजरेत सहसा भरतात ती नीटनेटकी, आज्ञाधारक, वही पूर्ण ठेवणारी मुले. कंटाळून खिडकीबाहेर पाहणारा, उलट प्रश्न विचारणारा किंवा गृहपाठच न करणारा मुलगा अशा यादीत सहसा येत नाही.

मग चाचणी घेतली की प्रश्न सुटतो का? तसेही नाही. लुईस टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाच्या सुमारे दीड हजार मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. त्यासाठी तपासलेल्या मुलांमध्ये विल्यम शॉकली आणि लुईस आल्वारेझ ही दोन मुले होती. दोघेही निवडीची रेषा ओलांडू शकले नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका दिवशी, एका प्रकारच्या प्रश्नांवर मिळालेला आकडा म्हणजे मुलाची पूर्ण कुवत नव्हे. प्रश्न भाषेवर आधारलेले असतील तर घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीतल्या सूचनेपाशीच अडते. वाचन-लेखनात अक्षमता असलेले मूल उत्तर माहीत असूनही ते लिहू शकत नाही. आपली शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. तिथे वेग आणि सराव यांना मोठे महत्त्व असते, त्यामुळे वर्षभर जादा तास करणारे मूल आणि मूळचीच झेप असलेले मूल निकालात वेगळे ओळखता येत नाही.

कुणाची चाचणी घ्यायची हे कोण ठरवते, हा प्रश्न चाचणी कोणती घ्यायची यापेक्षाही महत्त्वाचा आहे. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड जिल्ह्यात आधी शिक्षक किंवा पालक ज्यांची शिफारस करतील तीच मुले तपासली जात. 2005 साली जिल्ह्याने दुसरीच्या सगळ्या मुलांना आकृत्यांवर आधारलेली, भाषेवर फारशी न विसंबणारी एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली. त्यात वर आलेल्यांचेच पुढे सविस्तर बुद्धिमापन होई. निवडीचे निकष सैल केले नव्हते. तरीही अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांच्या अभ्यासात प्रज्ञावान ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण 80 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचे 130 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ही मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती, फक्त त्यांचे नाव कुणी सुचवले नव्हते. पुढे पैशाअभावी ही सार्वत्रिक चाचणी बंद पडली आणि जुनी दरी पुन्हा दिसू लागली.

साध्या शाळेत मानसशास्त्रज्ञ नसतात आणि महागड्या चाचण्याही नसतात. तरी एक गोष्ट कुठल्याही शिक्षकाला करता येते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले ज्युलियन स्टॅनली यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोठ्या प्रमाणावर केली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठीची महाविद्यालय प्रवेशाची सॅट परीक्षा दिली. आपल्या इयत्तेच्या पेपरात सगळे एकाच शिखरावर दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी वरच्या पेपरात एकमेकांपासून लांब पसरले. पेपरालाच छत असते, ते उंच केल्याशिवाय मुलाची उंची मोजता येत नाही.

आता सई आणि निहालकडे वळू. जूनमध्ये चौथीचे पुस्तक उघडण्याआधीच बाईंनी दोघांना चौथीचा वार्षिक पेपर सोडवायला दिला आहे, असे धरा. दोघांनाही 46 गुण मिळाले. सईचे चार गुण लिटर-मिलिलीटरच्या रूपांतरात गेले, निहालचे भागाकारात. मग पाचवीचा पेपर दिला. सईला 36 मिळाले, दशांश अपूर्णांक आणि कोन तेवढे राहिले. निहालला मिळाले 12. सहावीच्या पेपरात सई 9 वर थांबली. आता तिची जागा समजली: गणितात ती पाचवीच्या मध्याच्या पुढे आहे, सहावीत नाही. मराठीच्या वाचनात आणि लेखनात मात्र दोघे चौथीच्याच पातळीवर आहेत. या सगळ्याला तीन तासिका आणि चार झेरॉक्स पुरल्या.

यानंतरची पायरी असते येणारा भाग गाळण्याची. जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी ही पद्धत नीट मांडली. मुलाला काय येते ते आधी तपासायचे, जे येते ते पुन्हा शिकवायचे नाही आणि वाचलेला वेळ कशाला द्यायचा ते लिहून ठेवायचे. रीस आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगात शिक्षकांनी अशा मुलांच्या अभ्यासाचा 40 ते 50 टक्के भाग वगळला, तरी वर्षअखेरच्या गुणांत घट झाली नाही. सईला मापनाचा एक आठवडा आणि निहालला भागाकाराचे काही दिवस पुरेत. उरलेल्या वेळात वर्गासोबत तीच गणिते करायला लावणे म्हणजे त्यांना वाट पाहायला शिकवणे.

हा वेळ भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला समृद्धीकरणाचा, म्हणजे त्याच इयत्तेत राहून खोलात जाण्याचा. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे लवकर संपवणाऱ्याला आणखी वीस गणिते देणे. ती शिक्षा ठरते आणि हुशार मूल लवकरच सावकाश काम करायला शिकते. खरे समृद्धीकरण वेगळे दिसते. निहालला विचारा, ‘1 ते 50 मधल्या कोणत्या संख्या लागोपाठच्या दोन किंवा जास्त संख्यांच्या बेरजेने मिळतात?’ 9 म्हणजे 4 अधिक 5, 6 म्हणजे 1 अधिक 2 अधिक 3. बेरीज चौथीचीच आहे, पण काही दिवस खपल्यावर त्याला दिसेल की 1, 2, 4, 8, 16 आणि 32 कशाही प्रकारे येत नाहीत. असे का, हा प्रश्न त्याला बीजगणिताच्या दारात नेतो.

सईला एवढ्याने भागणार नाही. तिला पुढचे गणितच हवे आहे, आणि हा दुसरा मार्ग म्हणजे गतिवर्धन. त्याचा अर्थ लगेच आख्खी इयत्ता ओलांडणे असा नाही. गणिताच्या तासाला तिने पाचवीत जाऊन बसायचे आणि बाकी दिवस चौथीत, एवढेही पुरते. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तर चौथी आणि पाचवी कधी एकाच खोलीत असतात, तिथे फक्त बाक बदलावा लागतो. शाळा चौथीलाच संपत असेल तर बालभारतीचे पाचवीचे पुस्तक विनामूल्य उतरवून घेता येते आणि आठवड्यातून दोनदा बाई तिच्यासोबत पंधरा मिनिटे बसू शकतात. खरी अडचण पुढच्या जूनमध्ये येते. सई पाचवीत गेली आणि नव्या शिक्षकांनी तिला पाचवीचेच गणित पहिल्या पानापासून सुरू करायला लावले, तर वर्षभराची मेहनत उलटी पडते. म्हणून गतिवर्धन सुरू करतानाच पुढच्या दोन वर्षांचे काय, ते कागदावर लिहावे आणि तो कागद मुलीबरोबर पुढच्या वर्गात जावा.

आख्खी इयत्ता ओलांडण्याबद्दल पालक आणि शिक्षक दोघांनाही भीती वाटते. मूल मोठ्या मुलांत एकटे पडेल, असे ते म्हणतात. संशोधन या भीतीला फारसा आधार देत नाही. वरच्या वर्गात गेलेली प्रज्ञावान मुले तिथल्या तितक्याच हुशार, मोठ्या मुलांच्या बरोबरीने शिकतात आणि त्यांची सामाजिक-भावनिक हानी होते असे सरासरीने दिसत नाही. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी 160 च्या पुढे बुद्ध्यांक असलेल्या साठ मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांतली बरीचशी मुले समवयस्कांतच ठेवली गेली होती आणि एकटेपणा त्यांच्याच वाट्याला जास्त आला. अर्थात सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. अमेरिकेत वापरली जाणारी आयोवा गतिवर्धन श्रेणी काही ठिकाणी स्पष्ट नकार देते. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर नको, आणि वरच्या वर्गात त्याचे सख्खे भावंड शिकत असेल तरी नको. सईच्या बाबतीत मराठी चौथीच्याच पातळीवर आहे, त्यामुळे सध्या फक्त गणिताची झेप योग्य.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने 1969 पासून प्रज्ञावान मुलांसाठी वेगळी प्रशाला चालवली आहे, आणि नवोदय विद्यालये 1986 पासून ग्रामीण मुलांना सहावीत परीक्षेने निवडतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही अशा मुलांसाठी विषयमंडळे आणि प्रकल्प सुचवले आहेत. पण बहुतेक सई आणि निहाल शेजारच्या साध्या शाळेतच शिकणार आहेत. तेव्हा समृद्धीकरण की गतिवर्धन, हा वाद सरसकट घालण्यात अर्थ नाही. उत्तर प्रत्येक मुलासाठी आणि प्रत्येक विषयासाठी वेगळे येते. शिक्षकांनी या जूनमध्ये एक करावे. नवे पुस्तक उघडण्याआधी त्याच इयत्तेचा वार्षिक पेपर पूर्ण वर्गाला द्यावा, शिफारशीची वाट न पाहता, आणि ज्यांना तो जवळजवळ पूर्ण येतो त्यांना पुढच्या इयत्तेचा. पालकांनीही प्रगतिपुस्तकातल्या ‘उत्तम’वर समाधान न मानता शाळेला एवढे विचारावे: माझ्या मुलाला वर्षाच्या सुरुवातीला येत नव्हते आणि आता येते, असे यात काय आहे?